वा, पण कशाला?

तंबोऱ्याच्या साथीला बसणाऱ्या माणसाला बैठकीत एक वेगळीच जागा मिळते. गाणाऱ्याच्या पाठीमागे, जरा बाजूला. गाणारा आपल्या गाण्यात असतो. तबलजी आणि पेटीवाले त्याच्याकडे लक्ष ठेवून असतात. तंबोऱ्यावर मात्र बोटं चार तारांवरून एकाच चालीने फिरत राहतात आणि डोळे मोकळे असतात, त्यामुळे समोरच्या श्रोत्यांचे चेहरे सबंध मैफलभर दिसतात. पुण्यात गेली बरीच वर्षं मी अशी मागे बसते आहे. गाण्याबरोबर दाद ऐकायचीही सवय मला तिथेच लागली.

दादीला जागा असते. विलंबित एकतालातला ख्याल घ्या. बारा मात्रांचा ताल, पण अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. या मिनिटात गायक आलाप मांडतो, कुठे थांबतो, कुठे वळतो, आणि शेवटच्या दोन-तीन मात्रांत बंदिशीचा मुखडा उचलून पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन पोचतो. समेच्या आधी काही क्षण खोलीतली माणसं नकळत पुढे सरकतात. कुणाचा हात मांडीवरून उचलला जातो. ही माणसं मनातल्या मनात गायकाच्या बरोबरीने तो मुखडा उचलत असतात. मग सम पडते आणि ‘वा’ येते. ती तोंडातून निघते तेव्हा त्या माणसाने ती काढायची असं ठरवलेलं नसतं.

समेखेरीजही जागा असतात. एखादा स्वर अपेक्षेपेक्षा जरा उशिरा लागतो, आणि लागतो तेव्हा असा लागतो की पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजी जिभेने ‘च्च्’ करतात. कधी कुणी डोळे मिटून फक्त मान हलवतं. कधी काहीच होत नाही, पण सगळ्या खोलीचा श्वास अडकलेला मागे बसून कळतो. या सगळ्याला मी दाद म्हणते.

आणि दुसरीही एक ‘वा’ असते. ती समेनंतर क्षणभराने येते. शेजारच्याने मान हलवली, पुढच्याने हात उचलला, ते बघून ती निघते. ती म्हणणारा माणूस गाण्याकडे बघत नसतो, माणसांकडे बघत असतो. काही वेळा ती भलत्याच ठिकाणी येते. आवर्तन मधोमध आहे, गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर जायची वाट शोधतो आहे आणि कोपऱ्यातून जोरात ‘क्या बात है’. तंबोरे जुळत असताना आलेली ‘वा’सुद्धा मी ऐकली आहे. ती म्हणणारे यजमानांचे पाहुणे होते आणि त्यांना यजमानांना खूश करायचं होतं.

माझं सगळं म्हणणं या दोन ‘वा’मधल्या अंतराबद्दल आहे. पहिली आणि दुसरी यांत शब्द तोच, आवाजही तेवढाच. खोटेपणा कुठे आहे तो नेमका शोधायला हवा, कारण आपण तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधतो. आपल्याला वाटतं, वाईट गाण्याला छान म्हणणं म्हणजे खुशामत आणि चांगल्या गाण्याला छान म्हणणं म्हणजे खरी स्तुती. पण कोपऱ्यातल्या त्या माणसाने ‘क्या बात है’ म्हटलं तेव्हा गाणं खरोखरच उत्तम चाललेलं असू शकतं. तरीही तो खोटं बोलला. ‘छान’ म्हणताना माणूस दोन गोष्टी सांगत असतो. एक, की हे चांगलं आहे. आणि दुसरी, न उच्चारता सांगितलेली, की मी हे ऐकलं. म्हणजे तो साक्ष देत असतो. घटना खरोखर घडली असली तरी जो तिथे नव्हताच त्याची साक्ष खोटीच, आणि पोकळ स्तुतीत नेमकं हेच घडतं. त्यातलं मत एखादे वेळी बरोबरही निघेल. ऐकल्याचा दावा तेवढा खोटा असतो.

हे नुसतं तात्त्विक वाटेल म्हणून एक हकिकत सविस्तर सांगते.

माझ्या मैत्रिणीची मुलगी गाते. लहानपणापासून क्लासला जायची, गाण्याच्या परीक्षांतली मध्यमा झाली, पुढच्या विशारदची तयारी चालली होती. गळा मोकळा, आवाजाला धार, तान दाणेदार. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे तिला गायला बसवायचे आणि सगळे एकच बोलायचे: सूर काय पक्का आहे हिचा! सोसायटीच्या गणपतीत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात तेच. क्लासमध्येही तेच सांगितलं जायचं. तिथे फी भरणारे पालक समोर बसलेले असायचे, आणि मुलीचं कौतुक ऐकून ते समाधानाने घरी जायचे. या सगळ्यांतलं कुणी दुष्ट होतं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना ती आवडायची म्हणून तिचं गाणं आवडायचं.

सदाशिव पेठेत एका ओळखीच्यांच्या घरी खासगी बैठक होती. जाजम घातलेला हॉल, पंचवीस-तीस माणसं, माइक नाही. तिला सुरुवातीला अर्धा-पाऊण तास गायला सांगितलं होतं आणि तंबोऱ्याला मी होते. संध्याकाळ सरून दिवे लागलेले, तेव्हा तिने भूप घेतला. वेळेला धरून योग्यच निवड होती.

भूपाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. भूपात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. नेमके हेच पाच स्वर घेऊन देशकार नावाचा दुसरा राग उभा राहतो. कागदावर स्वर लिहिले तर दोघांत फरक करता येणार नाही. फरक आहे तो वजनाचा आणि चालीचा. भूप गंधारावर उभा असतो, त्याचा सगळा विस्तार सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात रमतो, ‘सा रे ग, प ग, ध प ग, रे सा’ असा तो पुन्हापुन्हा गंधाराकडे येतो आणि तिथून खाली षड्जावर उतरतो. देशकाराचा जीव धैवतात असतो. तो वरच्या भागात राहतो, चढताना रिषभ बहुतेक ओलांडून जातो, आणि पंचमावरून धैवतावर येऊन तिथे ठाण मांडतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. त्यामुळे भूप गाणाऱ्याने धैवतावर किती थांबायचं हा शोभेचा प्रश्न राहत नाही. मुक्काम लांबला तर राग बदलतो.

त्या दिवशी पहिली तीन-चार आवर्तनं ती छान गायली. दुसऱ्या आवर्तनात रिषभावरून गंधारावर आली ती इतकी सावकाश आली, की तबल्याला असलेल्या मुलानेही मान वर करून बघितलं. मग ती वरच्या भागात गेली. तिचा आवाज तिथे मोकळा सुटतो. पंचमावरून धैवत घेतला आणि धरला. समोरून दोन-तीन ‘वा’ आल्या. तिने तो आणखी धरला. पुढच्या आवर्तनात पुन्हा तिथेच गेली, पुन्हा ‘वा’. मला मागून स्पष्ट दिसत होतं की ती आता ‘वा’च्या दिशेने गाते आहे. त्याच्या पुढच्या आवर्तनात ‘प ध, ध, ध प’ करत ती जवळजवळ मिनिटभर धैवताच्याच आसपास राहिली, आणि भूप हातातून निसटला.

गाणं संपलं. टाळ्या, चहा. माणसं तिच्याभोवती जमली. ‘काय भूप उभा केलास!’ ‘अगदी जुन्या लोकांची आठवण झाली.’ ‘गळ्यात सरस्वती आहे हो.’ भूप उभा केलास म्हणणाऱ्या गृहस्थांना मी विलंबित चालू असताना मोबाइलवर बोट फिरवताना पाहिलं होतं.

त्या बैठकीला एक म्हातारे श्रोते होते. सगळे त्यांना काका म्हणतात. ते गात नाहीत, वाजवत नाहीत. आयुष्यभर नोकरी केली आणि संध्याकाळी गाणं ऐकलं. गर्दी ओसरल्यावर ते तिच्याजवळ आले.

‘बाळ, दुसऱ्या आवर्तनात गंधार लावलास ना, रिषभावरून आलीस तेव्हा? तो फार चांगला होता. तिथे तू घाई केली नाहीस. मी घरी जाऊन आठवणार आहे तो.’

ती हसली. मग ते म्हणाले, ‘पण वर धैवतावर बसलीस तेव्हा मला सकाळ दिसायला लागली.’

तिला आधी कळलंच नाही. ‘म्हणजे काका?’

‘म्हणजे देशकार, गं. आम्ही रात्री आठ वाजता बसलो होतो.’

तिचा चेहरा उतरला. मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली, म्हाताऱ्याने पोरीचा हिरमोड केला असं तिला वाटलं असणार. पण काकांचं आधीचं वाक्य पुन्हा वाचा. त्यांनी स्तुती केली होती, आणि त्या खोलीत त्या दिवशी झालेली खरी स्तुती माझ्या मते तेवढी एकच होती. आवर्तन कोणतं, स्वर कोणता, कुठून आली आणि तिथे तिने काय केलं नाही, हे सगळं त्यात होतं. ते वाक्य दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या संध्याकाळी म्हणता आलं नसतं. ‘गळ्यात सरस्वती आहे’ हे मात्र कुणालाही, केव्हाही म्हणता येतं. स्तुती पोकळ आहे की भरीव हे ओळखायला मी तेव्हापासून एवढंच बघते: गाणं न ऐकता हे वाक्य बोलता आलं असतं का?

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काकांनी तिला आणखी एक विचारलं, ‘रियाज पेटीवर करतेस का?’ ती हो म्हणाली. ‘तुझा गंधार कधीकधी चढा लागतो. दुसऱ्या आवर्तनातला बरोबर होता, म्हणून बाकीचे कळले. एकदा नुसता तंबोरा घेऊन बसून बघ.’

सूर पक्का म्हणून जिची वर्षानुवर्षं ख्याती, तिला हे ऐकणं जड गेलं. ती आठवड्याभराने माझ्याकडे आली, आणि काका काही उगाच बोलत नाहीत हे मला माहीत असल्यामुळे आम्ही दोघी तंबोरा लावून बसलो.

भूपासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला, मधली जोड षड्जाला आणि शेवटची खर्जाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाला, लावलेली असते. गंधाराला कोणतीच तार नसते. पण तंबोरा नीट जुळला, जवारी खुलली, की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण साधं आहे: कुठलीही तार छेडली की मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक नाद निघतात, आणि त्यांतला पाचपटीचा नाद म्हणजे गंधार. पेटीचा गंधार वेगळा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग केले तर त्यांतले साधारण 14 भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ती काळी चारमध्ये गाते, आणि त्या पट्टीत पेटीचा गंधार तंबोऱ्यावर धरून ठेवला तर दोन नाद एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला सुमारे चार वेळा आवाज बारीक थरथरतो. गंधार नेमका लागला की थरथर थांबते, आवाज तंबोऱ्यात विरघळतो आणि तंबोराच मोठा झाल्यासारखा वाटतो.

तिने गंधार धरला. थरथर होती. मी काही बोलले नाही, फक्त छेडत राहिले. तिने स्वतःच तो केसभर खाली आणला, फार खाली गेला, पुन्हा वर आणला, आणि एका क्षणी तो जुळला. ती गायची थांबली. ‘मावशी, हे असं असतं?’ एवढंच म्हणाली. मग बराच वेळ ती रडली. मी तिला रडू दिलं, कारण ते दुःख खरं होतं. इतकी वर्षं रोज गायलेला स्वर कुणीतरी दाखवायला हवा होता, आणि ज्यांना ऐकू येत होतं, त्यांनीही ‘सूर पक्का आहे’ असंच सांगितलं होतं.

त्यानंतर तिने पेटी बाजूला ठेवली. रोज सकाळी नुसता तंबोरा, आधी षड्ज, मग पंचम, मग गंधार, एकेक श्वास संपेपर्यंत. तान बंद. पहिले काही महिने तिला वाटत होतं की तिचं गाणं बिघडलं, कारण जुना गंधार सवयीने लागायचा आणि तो चुकीचा आहे हे आता ऐकू यायचं. गळ्याला लागलेली सवय मोडायला ती लागण्याइतकाच वेळ जातो. विशारदची परीक्षा तिने पुढे ढकलली. दहाव्या-बाराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर हे काम कदाचित एका उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं असतं.

म्हणून पोकळ कौतुकाला निरुपद्रवी म्हणायला माझी तयारी नाही. गाणाऱ्याची एक अडचण असते, जी चित्रकाराची किंवा लेखकाची नसते. त्याला स्वतःचं गाणं बाहेरून ऐकू येत नाही. आपला आवाज आपल्या कानात हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणूनच पहिल्यांदा आपलं ध्वनिमुद्रण ऐकताना प्रत्येकाला आवाज परका वाटतो. गाता गाता आपला स्वर तपासायचा म्हणजे दुसऱ्याचे कान उसने घ्यावे लागतात. गुरूसमोर वर्षानुवर्षं बसून शिकायची पद्धत आपल्याकडे टिकली त्यामागे हेही एक कारण आहे. अशा माणसाला न ऐकता ‘सुंदर’ म्हणणं म्हणजे त्याने मागितलेले कान द्यायचं नाकारणं, वर दिल्यासारखं दाखवणं. त्याला नकार मिळाल्याचं कळतही नाही. तो समाधानाने घरी जातो आणि उद्या पुन्हा तीच चूक घोटतो.

लोणी लावणाऱ्याला आपण ओळखतो आणि त्याच्यापासून जपतो. ज्याला कार्यक्रम मिळवायचा आहे तो आयोजकाच्या मुलाच्या गाण्याची तारीफ करतो, ज्याला शिष्यत्व हवं आहे तो बुवांच्या प्रत्येक खोकल्याला मान हलवतो. उंटांच्या लग्नात गाणाऱ्या गाढवांचा श्लोक आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: ‘परस्परं प्रशंसन्ति अहो रूपम् अहो ध्वनिः’. या व्यवहारात निदान दोघांनाही देण्याघेण्याचा अंदाज असतो. मला जास्त काळजी वाटते ती प्रेमळ माणसांच्या कौतुकाची. त्यांना काही नको असतं, मन दुखवायचं नसतं, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो. त्या मुलीने ज्यांचं ऐकलं ती सगळी अशीच माणसं होती. खुशामत्याचं कुणी इतकं मनावर घेतलं नसतं.

स्तुतीमुळे एका गाणाऱ्याचं जे होतं ते सगळ्या गाण्याचंही होऊ शकतं. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली भारत गायन समाज काढला, भीमसेनजींनी 1953 मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. ऐकणाऱ्यांच्या पिढ्या अशा संस्थांनी घडवल्या, आणि या शहराच्या श्रोत्याचा कान तयार आहे असं बाहेरचे कलाकार म्हणतात ते खोटं नाही. पण मोठ्या मांडवाची एक मर्यादा असते, मग तो कुठल्याही गावचा असो. हजारो माणसं, ध्वनिवर्धक, समोर दिव्यांचा प्रखर झोत. तिथे विसाव्या रांगेतल्या माणसाची ‘वा’ गायकापर्यंत पोचत नाही. पोचतात त्या टाळ्या. आणि टाळ्या हळुवार जागांना पडत नाहीत. त्या लांब धरलेल्या तार षड्जाला पडतात, तबल्याबरोबरच्या सवाल-जवाबाला पडतात, द्रुत तानेनंतर धाडकन आलेल्या समेला पडतात. कलाकार माणूस असतो. कुठे टाळी येते हे त्याच्या गळ्याला त्याच्याही नकळत समजतं आणि दर कार्यक्रमात तो तिथे जरा लवकर पोचतो. विलंबित आखडतं, द्रुत लांबतं. घरगुती बैठकीत त्या मुलीचं धैवतावर जे झालं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. दाद गाण्याच्या मागोमाग यायला हवी. इथे ती पुढे चालते आणि गाणं तिच्या मागे जातं.

इथे कुणी मला हटकून विचारेल, मग काय तोंडावर दोष काढत सुटायचं? नाही. पुण्यात स्पष्टवक्तेपणाचं कौतुक जरा जास्तच आहे, आणि त्या नावाखाली मी जे ऐकलं आहे तेही बहुतेक वेळा साक्ष नसलेलंच असतं. ‘हल्ली कुणाला गाता येत नाही’ हे वाक्यही गाणं न ऐकता बोलता येतं. न ऐकता केलेली निंदा आणि न ऐकता केलेली स्तुती एकाच जातीच्या आहेत. शिवाय गाऊन उठलेला माणूस उघडा असतो. त्या अर्ध्या तासात त्याला दोष सांगायचा असेल तर काकांइतका अधिकार हवा, आधी मन लावून ऐकल्याचा, आणि तेवढी मायाही हवी. ती नसेल तर दुसऱ्या दिवशी फोन करावा, किंवा गप्प बसावं. गप्प बसण्याचा अर्थ गाणाऱ्यांना फार चांगला कळतो, आणि त्यात खोटं काही नसतं.

माणसं म्हणतात, आम्हाला रागातलं कळत नाही, मग ‘छान’ नाही तर काय म्हणणार? हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो, आणि त्याचं उत्तर मी एका बाईंकडून ऐकलं आहे. त्या एका बैठकीला स्वयंपाकात मदत करायला आलेल्या होत्या आणि दारात उभ्या राहून ऐकत होत्या. गाणं झाल्यावर गायकाला म्हणाल्या, ‘मला त्यातलं काही कळत नाही, दादा. पण मधे तुम्ही एकदम हळू झालात ना, तेव्हा मला माझ्या आईची आठवण आली.’ गायक त्यांच्याकडे बघत राहिले. त्या हळू झालेल्या जागी ते मंद्र सप्तकात उतरले होते, आणि खोलीतल्या जाणकारांपैकी कुणीच त्या जागेचं नाव काढलं नव्हतं. बाईंना मंद्र सप्तक हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी ऐकलं होतं आणि काय झालं ते सांगितलं. साक्षीला एवढं पुरतं. ज्ञान असेल तर दाद नेमकी होते, पण ती खरी व्हायला ज्ञान लागत नाही.

लहान मुलांचं वेगळं आहे का? सहा वर्षांचं पोर ‘सा रे ग म’ म्हणतं तेव्हा घर टाळ्या वाजवतं. त्या टाळ्या गाण्याला नसतातच, त्या पोर उभं राहिलं याला असतात, आणि पोरालाही ते समजतं. यात मला काही खोटं दिसत नाही. अडचण येते ती पोर मोठं झाल्यावर. टाळ्या त्याच राहतात, आणि आता तो त्या आपल्या सुराला मिळाल्या असं समजू लागतो. नेमकं कोणत्या वर्षी हे पालटतं ते सांगता यायचं नाही. जवळ राहणाऱ्याला ते दिसतं. आई-वडिलांनी एवढं तरी करावं, की ज्याला ऐकू येतं अशा एका माणसासमोर मुलाला वर्षातून एकदा बसवावं, आणि तो जे बोलेल ते बोलू द्यावं.

मैत्रिणीची मुलगी आता पुन्हा बैठकीत गाते. तिच्यात एक बदल झाला आहे, जो मी मागे बसून बघते. कुणी येऊन ‘छान झालं’ म्हटलं की ती नमस्कार करते आणि अगदी सरळपणाने विचारते, ‘कुठे?’ तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. काही माणसं गडबडतात आणि ‘सगळंच’ म्हणून चहाकडे वळतात. काही मात्र थांबतात, आठवतात, आणि ‘अंतऱ्याला वर गेलीस तिथे’ असं काहीतरी सांगतात. ती ते घरी जाऊन लिहून ठेवते, आणि ध्वनिमुद्रण लावून ती जागा शोधते. अशा वेळी तिला कधी त्यांचं पटतं, कधी पटत नाही.

मागच्या बैठकीत तिने पुन्हा भूप गायला. धैवतावर आली, टेकली, आणि वेळेवर गंधाराकडे उतरली. समोरून तिथे काहीच आलं नाही, तरी ती थांबली नाही. नंतर काका आले. देशकाराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

‘गंधार जागेवर आहे आता,’ ते म्हणाले. ‘द्रुतमध्ये मात्र मुखडा उचलायला दरवेळी अर्धी मात्रा उशीर करतेस. मुद्दाम करतेस का?’

‘नाही काका,’ ती म्हणाली, ‘माझ्या लक्षातच आलं नव्हतं.’ आणि तबला वाजवणाऱ्या मुलाला हाक मारून तिने तिथेच, चहाचे कप बाजूला सारून, मुखडा पुन्हा म्हणायला घेतला.